बासुंदी: तळ स्वच्छ, तरी करपट वास! साय धरायची की ढवळायचं?

शमिका_डोंबिवली

दसऱ्याला पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर बासुंदी केली आणि फसली. कोजागिरीला सासरची मंडळी येणार आहेत, त्याआधी चूक कळली तर बरं.

तीन लिटर म्हशीचं दूध, गोठ्यातून आणलेलं ताजं. जाड बुडाची स्टीलची कढई, मोठी शेगडी. आईने सांगितल्याप्रमाणे कढई आधी पाण्याने विसळून घेतली, दूध ओतलं, उकळी आल्यावर आच मध्यम केली. कडेला साय धरत होती ती सतत खरवडून आत ढकलत होते. निम्मं होईपर्यंत सव्वादोन तास लागले. मग साखर, वेलची, जायफळ, चारोळी.

गरम असताना चव बरी वाटली. गार झाल्यावर मागे एक करपट वास. फार नाही, पण पहिल्या घासाला कळतो. सासूबाई म्हणाल्या, "किंचित लागलंय का गं दूध?" आता मला हे कळत नाहीये की ढवळलं तर साय मोडते, लच्छे होत नाहीत, सगळा भुगा होतो, आणि नाही ढवळलं तर खाली लागतं. मग दोन्ही कसं जमवतात लोक?

झटपट_ज्योती

एवढा खटाटोप कशाला? एक लिटर दूध, अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, चार चमचे मिल्क पावडर, ब्रेडचे दोन स्लाइस कडा काढून कुस्करून. वीस मिनिटांत रबडी तयार. करपायला वेळच मिळत नाही. 😀

शमिका_डोंबिवली

ज्योती, ती करते मी एरवी, आणि चांगली लागते. पण यावेळी आटवूनच करायची आहे, प्रश्न सायीचा आहे.

विज्ञानवेडा

सोपं आहे. आच जास्त होती. करपणं म्हणजे जास्त उष्णता. पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीक आचेवर ठेवायचं, आणि दुधात एक लहान बशी पालथी घालायची. बशी खडखडत राहते, त्याने तळ हलता राहतो, ढवळायची गरजच नाही. आमच्याकडे दूध तापवताना कायम बशी असते, आजवर कधी उतू गेलेलं नाही.

कृष्णाकाठ

शमिकाताई, उत्तर देण्याआधी एक विचारतो. कढई घासताना तळ कसा होता? आणि दुधाच्या पातळीच्या वर, कडेला काय होतं? नीट आठवून सांगा, कारण दोन्हीकडची करपण वेगळी असते आणि उपायही वेगळे.

शमिका_डोंबिवली

तळाला पातळसा पिवळट थर होता, पाण्यात भिजवल्यावर हाताने निघाला. काळं काही नव्हतं, म्हणून तर गोंधळले. कडेला मात्र चारही बाजूंनी दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता, काही ठिकाणी पापडासारखा कडक. तो काथ्याने घासावा लागला.

कृष्णाकाठ

मग तुमचं दूध खाली लागलंच नाही. ते कडेला करपलं, आणि ते करपलेलं तुम्ही स्वतःच्या हाताने आत ढकललंत.

आमचं घर कुरुंदवाडच्या बाजूचं. वाडीला दत्तदर्शनाला येणारी माणसं बासुंदी खाऊन, बांधून घेऊन जातात, ते गिऱ्हाईक धरून वडिलांनी बरीच वर्षं दुकान चालवलं. मी लहानपणी कढईशी बसायचो, त्यामुळे पुस्तकातलं नाही, पाहिलेलं सांगतो.

दूध जोवर ओलं आहे तोवर ते उकळीच्या वर फारसं तापत नाही. शंभर-एकशेएक अंश, बस. कितीही मोठी आच लावा, पाण्याची वाफ होत राहते, दूध तिथेच थांबतं. पण दूध आटतं तशी पातळी उतरते आणि वरच्या भिंतीला दुधाचा पातळ पापुद्रा चिकटून राहतो. त्यातलं पाणी मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. आता तिथे थांबवणारं काही नाही. मोठ्या शेगडीची ज्योत कढईच्या बुडाबाहेर येऊन नेमकी त्याच भिंतीला चाटत असते. पापुद्रा आधी पांढरा, मग पिवळा, मग तपकिरी. पांढरा-पिवळा असताना आत गेला तर दुधात विरघळतो, चव वाढवतो. तपकिरी आणि कडक झाल्यावर गेला की सगळ्या कढईला वास लागतो. गरम असताना वेलची-जायफळाच्या वाफेत तो कळत नाही, गार झाल्यावर वर येतो. तुमच्या सासूबाईंची जीभ बरोबर आहे.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे ज्योत बुडाच्या आतच राहिली पाहिजे. खाली वाकून बघा. बुडाबाहेर निळी ज्योत दिसली तर लहान शेगडीवर घ्या.

विज्ञानवेडा

म्हणजे मी म्हटलं तेच, आच कमी हवी होती.

कृष्णाकाठ

अर्धं तेच. पण पहिल्यापासून बारीक ठेवलंत तर तीन लिटरला चार-पाच तास जातील आणि दुधाला शिजकट वास येईल, रंग गढूळ होईल. सुरुवातीला दूध पातळ असतं, उकळीने आपलं आपणच फिरतं, तेव्हा तळ धरायचं भय कमी असतं. तेव्हाच जोरात आटवून घ्यायचं. सावकाशी शेवटी हवी.

बशीबद्दल: उतू जाण्यावर ती उत्तम, त्यात वाद नाही. पण दूध घट्ट झालं आणि आच कमी केली की बशी खडखडायची थांबते. मग तिच्याखाली दूध अडकतं आणि तिथेच गोल डाग धरतो. आमच्याकडे एका नव्या पोराने हे केलं होतं. बशी काढली तर खाली तिच्या काठाएवढं वर्तुळ, काळं.

चुलीवरचा

करपट वासाला एवढं काय घाबरता? आमच्या आजीची बासुंदी चुलीवरची, शेण्यांवर आटवलेली. तिला असा एक वास असायचा की अजून आठवतो. तो गॅसवर येणारच नाही. थोडी लागलेलीच बासुंदी खरी.

कुंदा_सातारा

तुमच्या आजीच्या बासुंदीला यायचा तो धुरकट वास. करपट नव्हे. आणि खरपूस हा तिसराच. तिघांची गल्लत करू नका. माझी आई तर कडेची खरवड कधी बासुंदीत घालायचीच नाही. कढई रिकामी झाली की आम्ही चौघं भावंडं उलथनं घेऊन बसायचो, साखर भुरभुरवून खायचो. मोठ्या ताईला नेहमी जास्त मिळायची, तो राग अजून आहे.

शमिका_डोंबिवली

बाई गं! आणि मी "काही वाया जाऊ नये" म्हणून शेवटी काविलथ्याने खरवडून खरवडून सगळी आत घातली होती.

कृष्णाकाठ, करपण कळली. आता साय कशी धरायची ते सांगा ना. दुकानात मिळते तशी, चमच्यावर पदर येतो तशी.

कृष्णाकाठ

सांगतो, पण आधी एक ठरवा, बासुंदी हवी की लच्छा रबडी. बासुंदी ओघळती असते, दूध साधारण निम्म्यावर आणायचं, साय त्यात मऊ तुकड्यांनी असते. रबडीत दूध तिसऱ्या हिश्शावर किंवा त्याहून खाली येतं आणि सायच जास्त, दूध तिला धरण्यापुरतं. हात तोच, थांबायची जागा वेगळी. मी बासुंदीचं सांगतो.

पहिला टप्पा: खळखळ उकळी, आणि सतत ढवळणं. गोल पळी नको, सरळ धारेचं उलथनं घ्या, तळाला टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टे मारल्यासारखं फिरवा. पळी तळाला एका ठिपक्यात टेकते, बाकी तळ तसाच राहतो. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्याने भिंतीवर दूध उडवून पापुद्रा ओला करून खाली घ्या. या टप्प्यात साय धरायचा मोह नको. दूध दोन-तृतीयांश राहीपर्यंत हेच.

दुसरा टप्पा: सर्वात लहान शेगडी, बारीक आच. दूध उकळता कामा नये, नुसतं थरथरलं पाहिजे. कढई शेगडीच्या बरोबर मध्ये न ठेवता थोडी बाजूला सरकवा. मग बुडबुडे एकाच बाजूला येतात आणि समोरची बाजू शांत राहते. साय शांत बाजूला धरते. साय म्हणजे वरच्या थरातलं पाणी उडून प्रथिनं आणि लोणी एकमेकांना धरतात, म्हणून वर हवा खेळती हवी. झाकण अजिबात नको. आमच्याकडे हलवाई ताडाच्या पंख्याने वारा घालायचा. घरी टेबलफॅन लांबून, ज्योतीला वारा लागणार नाही असा.

चार-पाच मिनिटांत साय सुरकुतायला लागते. उलथन्याच्या पाठीने ती अलगद कडेला ओढा आणि पातळीच्या थोडं वर भिंतीला चिकटवा. आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: साय ओढली की दूध उघडं पडतं, त्या क्षणी तळावरून एकदा सावकाश उलथनं फिरवायचं. मग हात थांबवायचा, पुढची साय धरू द्यायची. ओढा, तळ फिरवा, थांबा. साय आणि ढवळणं एकाच वेळी होत नाही, पाळीपाळीने होतं.

एडिसनकर

खूप छान माहिती. पण इथे न्यू जर्सीत हे सगळं करून पाहिलं, साय येतच नाही. येते ती टिश्यू पेपरसारखी. होल मिल्क वापरतो. मी काय चुकतोय?

विज्ञानवेडा

तिथल्या गायींचं दूध पातळ असतं.

कुंदा_सातारा

काहीही हं विज्ञानवेडा.

कृष्णाकाठ

अगदीच काहीही नाही, फॅट कमीच असतं. तिकडचं होल मिल्क सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, आपलं म्हशीचं सहा-सात. पण मोठं कारण होमोजिनायझेशन. त्यात लोण्याचे कण इतके बारीक फोडतात की ते वर येऊन साय धरतच नाहीत. बाटलीवर "non-homogenized" किंवा "cream top" लिहिलेलं दूध मिळतं का बघा. आपल्याकडेही काही पिशव्यांचं दूध होमोजिनाइज्ड असतं, पिशवीवर लिहिलेलं असतं. फुल क्रीमची पिशवी, म्हणजे सहा टक्के फॅटची आणि होमोजिनाइज न केलेली, बासुंदीला चालते. टोन्ड दुधाचा नाद करू नका.

एडिसनकर

मिळतं, इंडियन स्टोअरमध्ये नाही पण फार्म मार्केटला. महाग आहे. बायको म्हणते त्यापेक्षा तिकीट काढून वाडीला जाऊ.

शमिका_डोंबिवली

अजून एक विसरले होते. उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढली तर जिभेला बारीक वाळू लागल्यासारखं झालं. साखर विरघळली नसेल का?

विज्ञानवेडा

नक्कीच. पिठीसाखर घ्यायची.

कृष्णाकाठ

गरम दुधात साखर विरघळली नाही असं होणं अवघड आहे. ही दुधाची स्वतःची साखर. दूध फार आटवलं की ती त्या थोड्या पाण्यात मावत नाही आणि थंडीत खडे धरते. पण निम्म्यावर आणलेल्या बासुंदीत सहसा एवढी होत नाही. तुम्ही निम्मं कसं मोजलंत?

शमिका_डोंबिवली

उलथनं उभं धरून. सुरुवातीला दूध जिथवर होतं त्याच्या अर्ध्या उंचीवर आलं तेव्हा बंद केलं.

कृष्णाकाठ

इथेच गफलत आहे. कढई वर रुंद, खाली अरुंद. अर्ध्या उंचीला अर्धं दूध नसतं, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतं. तुमची बासुंदी रबडीपर्यंत पोहोचली होती. सव्वादोन तास लागले म्हणालात तेव्हाच शंका आली होती.

सोपी युक्ती: आधी रिकाम्या कढईत जेवढी बासुंदी हवी तेवढं पाणी मोजून घाला, उलथन्याच्या दांड्यावर पातळीशी दोरा बांधा, पाणी ओता. मग दूध. दोऱ्याशी आलं की झालं. तेही जरा आधीच बंद करा, कारण गार होताना बासुंदी घट्ट होते.

चुलीवरचा

दोरा! आमची आजी डोळ्याने ओळखायची.

कुंदा_सातारा

तुमच्या आजीने रोज केली असेल. शमिका वर्षातून एकदा करते. आणि कोजागिरीला मसाला दूध असतं गं, बासुंदी कुठून आली? 😄

शमिका_डोंबिवली

सासरची पद्धत, प्रश्न विचारायचे नाहीत.

---

शमिका_डोंबिवली (तीन दिवसांनी)

काल रंगीत तालीम केली. दोन लिटर म्हशीचं दूध. दोऱ्याऐवजी स्वयंपाकघरातला पाच किलोचा वजनकाटा वापरला, वर जाड फडकं घडी करून. रिकामी कढई १ किलो ८४० ग्रॅम. दूध घातल्यावर ३ किलो ९००. म्हणजे दूध २ किलो ६०, निम्मं म्हणजे १ किलो ३०, काट्यावर २ किलो ८७० आलं की थांबायचं. भिंतीला चिकटवलेली सायही वजनात धरली जाते, हे दोऱ्यापेक्षा बरं वाटलं.

मधल्या शेगडीवर उकळी, उलथन्याने पट्टे. उकळी आल्यापासून अर्ध्या तासात काटा ३ किलो २१० वर आला, म्हणजे दोन-तृतीयांश. मग लहान शेगडी, कढई बाजूला सरकवून. पहिली साय फार लवकर ओढली, फाटली. दुसरी पाच मिनिटं थांबून ओढली, ती अख्खी आली, ओल्या रुमालासारखी. पाऊण तासात एकूण आठ पदर. मध्ये एकदा फोन घेतला तेव्हा तळ फिरवायचा राहिला, तर उलथन्याला जरा चिकट लागलं. घाबरून खरवडलं नाही, आच बंद केली, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग अलगद सुटलं.

शेवटी साखर १३० ग्रॅम. साखर घातल्यावर एकदम पातळ झाली, जीव खाली गेला. पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवली, हात न थांबवता. मग गॅस बंद करून भिंतीवरच्या सायीवर डावाने गरम बासुंदी ओतली, मऊ झाल्यावर बोटभर तुकड्यांनी आत सोडली. वरचा पिवळा पट्टा तसाच ठेवला, लेकीने साखर घालून खाल्ला.

करपट वास शून्य. पदर चमच्यावर येतात. आज फ्रिजमधली पाहिली, वाळू नाही.

पण रंग! पांढरी आहे. नवरा म्हणतो दुकानातली कशी गुलाबीसर असते, त्यात ती खरपूस चव असते, तुझी नुसती गोड सायीची झाली.

कृष्णाकाठ

छान जमलं. साखर घातल्यावर पातळ होतेच, साखर विरघळताना रस वाढतो. आणि साखर पडली की तळ लवकर धरतो, तेव्हा हात थांबवला नाहीत हे बरं केलंत.

रंगाचं म्हणाल तर तो वेळेचा आहे. दुधातली साखर आणि प्रथिनं गरम राहून राहून सावकाश गुलाबी होतात. करपण हीच क्रिया, पण कोरड्यावर आणि झपाट्याने. दुकानात एक कढई तीन-तीन तास चुलीवर असते. तुम्ही दुसरा टप्पा आणखी अर्धा तास लांबवा, अगदी बारीक आचेवर, आणि आटू नये म्हणून मध्ये वाटीभर ताजं गरम दूध घाला.

कुंदा_सातारा

माझं मत वेगळं. निम्मी साखर सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर घातली की रंग छान येतो. माझी आई तसंच करायची आणि कधी लागली नाही.

कृष्णाकाठ

येतो, खरं आहे. पण मग सायीचा पदर तेवढा धरत नाही, असा माझा अनुभव. तुमच्या आईंचा हात सराईत असणार.

कुंदा_सातारा

पदराचं माहीत नाही, आमच्याकडे कधी मोजले नाहीत.

चुलीवरचा

लोखंडी कढई घ्या. रंग आपोआप येतो.

कृष्णाकाठ

लोखंडी चांगली, पण रोज तेलातुपात मुरलेली हवी. नवी किंवा घासून पांढरी केलेली असेल तर दूध काळपट होतं, लोखंडाची चव लागते. आणि झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. पितळी असेल तर आत कल्हई नीट आहे का ते बघूनच.

एडिसनकर

फार्मचं दूध आणलं. पाच पदर आले! पाचवा माझ्या मुलाने कढईतूनच पळवला. एक प्रश्न: यात सीताफळाचा गर गरम असतानाच घालायचा का?

शमिका_डोंबिवली

अरे नको नको, पूर्ण गार झाल्यावर. मागच्या वर्षी मी गरमात घातला होता, पाच मिनिटांत दूध फाटलं होतं. त्याचा वेगळा धागा आहे माझा, शोधा.

कुंदाताई, तुमची साखरेची पद्धत उद्या अर्ध्या लिटरवर करून बघते. रंग आणि पदर दोन्हीचे फोटो टाकते.